पाणी किती, आणि केव्हापासून?

पशुवैद्याच्या टेबलावर कुत्रा उभा असतो, पण त्याचा आजार तिथे पुरता हजर नसतो. डॉक्टर ताप बघतात, हिरड्यांचा रंग बघतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात, पोट चाचपतात. हे सगळे त्या क्षणाचे असते. आजार मात्र आधीचे तीन आठवडे घरात, जिन्यात, गच्चीवर आणि पाण्याच्या भांड्यापाशी चाललेला असतो. शिवाय दवाखान्यात आलेला कुत्रा घरातला कुत्रा राहिलेला नसतो. घाबरल्याने त्याची नाडी वाढते, धाप लागते, आणि घरी लंगडणारा इथे चारही पायांवर ताठ उभा राहतो. माणसाच्या डॉक्टरला किमान रोग्याला विचारता येते. इथे रोगी मुका, आणि त्याच्या वतीने बोलणारा मालक बहुधा आठवणीवर विसंबून असतो. आठवण तर शेवटचे दोन दिवस ठळक दाखवते आणि त्याआधीचे सगळे ‘बरे चालले होते’ या एका वाक्यात गुंडाळते. म्हणून कुत्र्याच्या आरोग्याची वही म्हणजे लसींच्या तारखा लिहायची जागा, एवढाच तिचा अर्थ घेतला तर तिचा निम्माअधिक उपयोग वाया जातो. डॉक्टरला टेबलावर जे दिसू शकत नाही, म्हणजे काळ, तो पुरवणे हे तिचे खरे काम.

हे उघड करून दाखवायला एकच तक्रार घेऊ, रोज दवाखान्यात येणारी: ‘डॉक्टर, ही हल्ली पाणी खूप पिते.’ या वाक्यातून डॉक्टरच्या डोक्यात एकदम पाच-सहा वाटा फुटतात. मूत्रपिंडे थकत चालली असतील. मधुमेह असेल. अधिवृक्क ग्रंथी जास्त संप्रेरक सोडत असेल, म्हणजे कुशिंगचा आजार. ऑपरेशन न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला असेल, म्हणजे पायोमेट्रा. महिनाभरापूर्वी खाजेसाठी कुणी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असेल. किंवा मे महिना असेल, नागपूरचा उन्हाळा असेल, आणि कुत्रीला काहीच झालेले नसेल. यांतली एक वाट अशी आहे की चार दिवस थांबले तर कुत्री हातची जाऊ शकते. दुसरी अशी की काहीही न करता तक्रार आपोआप ओसरते. बाहेरून मात्र सगळ्यांत दिसते तेच: भांडे रिकामे, आणि रात्री दोनदा शूला बाहेर न्यावे लागते.

पहिला प्रश्न, ‘खूप’ म्हणजे किती? निरोगी कुत्रा दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी पितो. 100 मिलिलिटरच्या पुढे गेले की पशुवैद्य त्याला निश्चितपणे जास्त मानतात. मधला पट्टा संशयाचा, आणि तिथे त्या कुत्र्याची स्वतःची सवयच कामाला येते. मोजायचे कसे, तर सकाळी भांड्यात मापाने एक लिटर ओतायचे, दिवसभरात जेवढी भर घालू तेवढी लिहायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मापून वजा करायचे. असे तीन दिवस करून सरासरी काढायची, कारण एकाच दिवशी पाहुणे आले, फिरणे जास्त झाले, तरी आकडा हलतो. यात फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. घरात दोन कुत्रे एकाच भांड्यात पितात. संडासातली बादली किंवा गच्चीतल्या कुंडीखालची ताटली हिशेबात येत नाही. आणि खाणे बदलले की पाण्याचा आकडाही बदलतो: ताकभात किंवा दुधात कुस्करलेली पोळी खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटात जेवणातूनच बरेच पाणी जाते. त्याला कोरड्या दाण्यांच्या खाद्यावर आणले तर तो भांड्यातून जास्त पिणारच, आणि तो आजार नव्हे. म्हणून आकड्याशेजारी ‘खाणे तेच’ किंवा ‘सोमवारपासून कोरडे खाद्य’ एवढी चार अक्षरे हवीत. एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. पाणी जास्त पिते म्हणून भांडे उचलून ठेवायचे नाही. वरच्या बहुतेक आजारांत आधी लघवी वाढते आणि तिची भरपाई म्हणून तहान लागते. पाणी तोडले तरी लघवी थांबत नाही, कुत्री कोरडी पडते.

आता एक कल्पित पण सर्वसामान्य उदाहरण पूर्ण चालवून पाहू. पुण्यातल्या एका घरात सात वर्षांची लॅब्राडोर कुत्री आहे, नसबंदी झालेली नाही, वजन 28 किलो. नाव राणी समजू. घरच्यांनी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वहीत लिहिले आहे: ‘18 जुलै, 2.9 लिटर. 19 जुलै, 3.1 लिटर. 20 जुलै, 3 लिटर. खाणे तेच, पण 19 तारखेपासून अर्धे टाकते. रात्री दोनदा शू. उलटी नाही.’ तीन लिटरला 28 ने भागले की किलोमागे 107 मिलिलिटर येतात, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. याच वहीत जानेवारीत एकदा सहज मोजलेला आकडा आहे, 1.4 लिटर. म्हणजे ही कुत्री मुळात पाणी पिण्यात काही वेगळी नव्हती, पाणी दुपटीवर गेले आहे, आणि तेही अलीकडे. एवढ्याने डॉक्टर रक्त आणि लघवीची तपासणी सांगतीलच. पण चार पाने मागे एक ओळ आहे: ‘4 जून, माजावर आली. रक्त 12 दिवस.’ जूनच्या चार तारखेपासून जुलैच्या वीसपर्यंत साडेसहा आठवडे होतात.

ही ओळ सगळ्याचा क्रम बदलते. कुत्री गाभण राहो वा न राहो, माजानंतर साधारण दोन महिने तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन वरच्या पातळीवर असते. गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्यात स्राव साठतो, गर्भाशयाचे तोंड मिटते, आणि आत शिरलेल्या जिवाणूंना, बहुतेक वेळा ई. कोलायना, वाढायला उबदार जागा मिळते. त्या जिवाणूंची विषे मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची क्षमता बिघडवतात, म्हणून लघवी वाढते आणि तहानही. माजानंतरच्या दोन-तीन महिन्यांत, वय झालेल्या आणि नसबंदी न झालेल्या कुत्रीत, पाणी वाढणे आणि जेवण सुटणे एकत्र आले की पायोमेट्राची शंका सगळ्यात वर येते. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर पू बाहेर गळतो आणि घरच्यांच्या लक्षात येते. मिटलेले असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तोच प्रकार जास्त धोक्याचा. तेव्हा डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट बघत बसत नाहीत. त्याच दिवशी पोटाची सोनोग्राफी, आणि शंका खरी ठरली तर गर्भाशय व बीजकोष काढून टाकण्याचे ऑपरेशन. साडेसहा आठवड्यांपूर्वीची तारीख मालकाला तोंडी विचारली असती तर उत्तर बहुधा आले असते, ‘झाले असतील दोन-तीन महिने.’ त्या उत्तरावरही चांगला डॉक्टर सोनोग्राफी सांगेल, हे खरे. पण ‘आठवत नाही’ किंवा ‘मागच्या वर्षी आली होती’ असे उत्तर आले की ही शक्यता खाली ढकलली जाते.

आता वहीतल्या काही ओळी बदलू. माजाची तारीख पाच महिन्यांपूर्वीची आहे, जेवण टाकल्याची नोंद नाही, आणि 28 जूनला लिहिले आहे: ‘पोटाला खाज, लाल चट्टे. गावी दुसऱ्या दवाखान्यात दाखवले. इंजेक्शन एक, नाव माहीत नाही, पंधरा-वीस दिवस असर राहील म्हणाले.’ एवढा दीर्घकाळ असर राहणारे खाजेचे इंजेक्शन बहुतेकदा स्टेरॉइड असते, आणि स्टेरॉइडने तहान, भूक आणि लघवी तिन्ही वाढतात. हीच ओळ आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. त्याच आठवड्यात कुत्री लंगडली म्हणून कुणी मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक दिले, तर स्टेरॉइड आणि ते औषध मिळून जठराला जखम करू शकतात. डॉक्टर ही जोडी टाळतात, पण आधीचे इंजेक्शन त्यांना माहीत असेल तरच. तिसऱ्या वहीत माज नाही, इंजेक्शन नाही, पण वजनाचा स्तंभ आहे: मार्चमध्ये 28, मेमध्ये 26.8, जुलैत 25.5, आणि शेजारी ‘भूक उलट वाढली.’ खाऊनही वजन उतरते आहे आणि पाणी वाढले आहे, तर पहिली चाचणी लघवीतल्या साखरेची. तिला काही मिनिटे आणि थोडे पैसे लागतात. चौथ्या वहीत भूक प्रचंड, वजन तेच, पण पोट सुटलेले आणि अंगावरचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच विरळ. तिथे कुशिंगचा विचार.

यावरून वहीच निदान करते असे कुणाला वाटले तर ते चूक आहे, आणि राणीचेच उदाहरण ती चूक दाखवते. माजानंतरच्या त्याच प्रोजेस्टेरॉनच्या काळात इन्शुलिनचा परिणामही कमी होतो, त्यामुळे काही कुत्र्यांना मधुमेह नेमका तेव्हाच उघड होतो. म्हणजे ‘4 जून’ ही एकच तारीख दोन वेगवेगळ्या आजारांकडे बोट दाखवते. कोणता खरा, हे सोनोग्राफी आणि साखर सांगणार. वहीने फक्त दोन गोष्टी साधतात: कोणती तपासणी आधी, आणि ती किती घाईने.

इथे एक रास्त हरकत येते. आजकाल रक्ताचा अहवाल अर्ध्या तासात मिळतो, त्यात सगळे आकडे असतात आणि शेजारी सामान्य मर्यादाही छापलेली असते. मग घरच्यांच्या अक्षरातल्या वहीची काय मातब्बरी? तर ती छापील मर्यादा कशी ठरते ते आधी बघू. पुष्कळ निरोगी कुत्र्यांचे आकडे घेऊन मधल्या 95 टक्क्यांचा पट्टा आखला जातो. त्यामुळे निरोगी असूनही वीसात एक कुत्रा प्रत्येक चाचणीत पट्ट्याबाहेर पडतो. उलट, पट्ट्यातला कुत्राही आजारी असू शकतो, कारण पट्टा सगळ्या कुत्र्यांचा आहे आणि एका कुत्र्याचा स्वतःचा चढउतार त्याहून बराच अरुंद असतो. क्रिएटिनिन हे याचे उत्तम उदाहरण. मूत्रपिंडाची बरीचशी क्षमता गेल्याखेरीज, म्हणजे ढोबळमानाने पाऊण भाग गेल्याखेरीज, ते मर्यादा ओलांडत नाही असे वैद्यकात शिकवले जाते. समजा एका कुत्र्याचे क्रिएटिनिन तीन वर्षांच्या तपासणीत 0.8, मग 1.1, मग 1.4 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असे आले, आणि प्रयोगशाळेची मर्यादा 1.6 पर्यंत आहे. तिन्ही अहवालांवर शेरा एकच: सामान्य. पण तिन्ही आकडे एका ओळीत लिहिले की पाऊणपट वाढ समोर उभी राहते. मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचे टप्पे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या वर्गीकरणात कुत्र्यांचा दुसरा टप्पाही 1.4 पासूनच सुरू होतो. त्यातही खाचाखोचा आहेत. म्हातारपणी स्नायू झडले की क्रिएटिनिन कमी दिसते, आणि पाणी कमी पडले किंवा तपासणीआधी भरपूर मटण खाल्ले तर थोडे वाढते. म्हणून शक्यतो तीच प्रयोगशाळा, उपाशीपोटी नमुना, आणि आकड्यासोबत त्या दिवसाचे वजन. अहवाल फाइलमध्ये लावून ठेवणे पुरत नाही, कारण फाइल उलटताना एका वेळी एकच कागद दिसतो. चार-पाच आकडे वहीच्या एका पानावर उतरवले तरच कल दिसतो.

मग वहीत लिहायचे कसे, याला एक जुना आणि भक्कम नमुना आहे. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी 1968 साली माणसांच्या दवाखान्यातल्या नोंदींबद्दल एक मूलभूत सुधारणा मांडली. रोग्याचे सांगणे, डॉक्टरला प्रत्यक्ष दिसलेले वा मोजलेले, त्यावरून काढलेला अर्थ, आणि पुढची योजना, हे चार भाग वेगळे ठेवायचे. पशुवैद्यही आज याच चार खणांत केसपेपर भरतात. मालकासाठी यातला धडा एवढाच की दिसलेले आणि वाटलेले एकत्र लिहायचे नाही. ‘किडनीचा त्रास, सुस्त’ ही नोंद निरुपयोगी, कारण ती निष्कर्ष सांगते आणि पुरावा झाकते. ‘सकाळी फिरायला दारापर्यंत आली, परत फिरली. रोज कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाते’ ही नोंद सोन्याची, कारण त्यात आजचे आहे आणि तुलनेसाठी रोजचेही. अशी सगळ्यात महागडी गल्लत होते ‘उलटी’ या शब्दात. पोट आवळून, दोन-चार उमासे येऊन, पित्तासकट बाहेर पडते ती उलटी. मान खाली घातली आणि न पचलेले अन्न नळीच्या आकारात अलगद बाहेर आले, तर ते अन्ननलिकेतूनच परतलेले असते. पहिल्यात पोट, यकृत, मूत्रपिंड तपासतात, दुसऱ्यात छातीचा एक्स-रे काढतात. मालक दोन्हींना उलटीच म्हणतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. तो फक्त ‘जेवल्यावर दहा मिनिटांनी, उमासे नाहीत, भात तसाच’ एवढे लिहील तर बाकीचे डॉक्टर ओळखतात. फिट, खोकला, लंगडणे अशा गोष्टींत तर शब्दांपेक्षा मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बरा. वहीत त्याची तारीख, वेळ आणि फिट किती सेकंद टिकली हे असले की झाले.

कुणी म्हणेल, अशाने माणूस कुत्र्याचा कारकून होईल, प्रत्येक शिंक टिपेल आणि डॉक्टरसमोर शंभर पाने उघडेल. हा धोका खरा आहे, आणि काही मालक तसे करतातही. रोज सगळे टिपणारी वही दोन महिन्यांत बंद पडते, आणि चालली तरी तिच्यातून काही सापडत नाही. बऱ्या कुत्र्याची वही रोजची नसावीच. महिन्यातून एकदा वजन, तेही एकाच काट्यावर. लहान कुत्रा असेल तर स्वतः त्याला उचलून काट्यावर उभे राहण्यात चूक मोठी होते, म्हणून दवाखान्यातल्या काट्यावर जाऊन यावे. माजाची पहिली तारीख. प्रत्येक लस, जंताचे औषध, गोचिडांचे औषध आणि दुसऱ्या कुणीही दिलेले प्रत्येक औषध, नावासकट, आणि नाव कळले नाही तर वेष्टनाचा फोटो. झोपेतला श्वास महिन्यातून एकदा मोजावा: छाती एकदा वर-खाली झाली की एक, असे मिनिटभर. गाढ झोपेत तो तिशीच्या आत असतो, आणि हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात तो आकडा चढत गेला की फुप्फुसात पाणी साठण्याची ती सगळ्यात आधीची खूण. एवढ्याला महिन्यात एक पान पुरते. काही बिघडले की मात्र ते पूर्ववत होईपर्यंत रोज, आणि तेही बिघडलेल्या गोष्टीपुरतेच.

डॉक्टरकडे जाताना वही न्यायची, पण वाचून दाखवायची नाही. आदल्या रात्री तिच्यातून पाच-सहा ओळींचा एक कागद करायचा. राणीसाठी तो असा झाला असता: ‘वय 7, 28 किलो, नसबंदी नाही. पाणी 1.4 वरून 3 लिटर, साधारण आठवड्यापासून. कालपासून जेवण अर्धे. माज 4 जून. सध्या औषध कोणतेच नाही. लसी पूर्ण.’ हे वाचायला पंधरा सेकंद लागतात, आणि ते महत्त्वाचे आहे. अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी 1984 साली डॉक्टर-रोगी भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा रोगी बोलू लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत त्याला तोडत असल्याचे दिसले. तो अभ्यास माणसांच्या डॉक्टरांचा, पण बाहेर बाकावर आठ कुत्रे भुंकत असलेल्या दवाखान्यात पशुवैद्याकडे जास्त सवड असेल असे मानायला काही आधार नाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या मोठ्या ठिकाणी तर दरवेळी तेच डॉक्टर समोर असतील याचीही खात्री नसते. आणि तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस मुख्यतः गाईम्हशींत जातो. त्यांनाही हा कागद हातात मिळाला तर हवाच असतो.

त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्यात प्रश्न. इथे बहुतेक लोक चुकतात ते प्रश्न कमी विचारल्याने नव्हे, तर असा प्रश्न विचारल्याने की ज्याला उत्तर एकच येऊ शकते. ‘काही सिरियस नाही ना, डॉक्टर?’ ही धीर देण्याची विनंती झाली, आणि सज्जन डॉक्टर ती पूर्ण करतो. जो प्रश्न निर्णयापाशी नेतो तो चांगला. राणीच्या घरच्यांनी तीनच विचारायचे ठरवले तर ते असे असावेत. ‘माज होऊन साडेसहा आठवडे झालेत, तर गर्भाशयाचे काही असू शकेल का, आणि ते आज कसे कळेल?’ यात माहिती आणि शंका दोन्ही आहेत, पण निदान डॉक्टरवर लादलेले नाही. दुसरा: ‘या तपासण्यांपैकी कोणत्या अहवालाने उपचार बदलेल?’ सगळ्या तपासण्या परवडत नसतील, तर हा प्रश्न विचारणे आणि आपली ऐपत आधीच सांगणे हेच शहाणपणाचे. डॉक्टर मग क्रम लावून देऊ शकतात, एरवी ते पूर्ण यादी देतात आणि मालक त्यातले निम्मे स्वतःच्या मनाने गाळतो. तिसरा: ‘आज घरी नेले, तर काय दिसल्यावर रात्रीच परत आणायचे?’ या एका प्रश्नाचे उत्तर ‘काळजी घ्या’पेक्षा शंभरपट कामाचे असते, कारण त्यात नेमकेपणा आल्याशिवाय ते देताच येत नाही: पोट ताणलेले दिसले, उभी राहिना, हिरड्या फिक्या पडल्या. एरवी बऱ्या कुत्र्याच्या वार्षिक तपासणीचे प्रश्न वेगळे असतील, पण कसोटी तीच. आणि जी शंका सगळ्यात जास्त छळते ती सगळ्यात वर लिहायची. नाहीतर ती बिल देऊन झाल्यावर, दारातून निघताना आठवते.

काहींना वाटते की कागद घेऊन जाणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणे, आणि इंटरनेटवरून वाचून आलेल्या मालकांचा डॉक्टरांना कंटाळा येतो हेही खोटे नाही. पण कंटाळा येतो तो मालकाने आणलेल्या उत्तराचा. ‘मी वाचलंय, हिला कुशिंगच आहे’ असे म्हणणारा माणूस डॉक्टरला पुढची दहा मिनिटे ती कल्पना खोडून काढायला लावतो. ‘केस दोन्ही बाजूंनी सारखेच गळतायत, एप्रिलपासून, हे बघा फोटो’ असे म्हणणारा त्याच दहा मिनिटांत तपासणी करून घेतो. हरकतीत एक तथ्य मात्र उरते: काही डॉक्टरांना प्रश्नच आवडत नाहीत. अशा ठिकाणी तीनऐवजी एकच विचारावा, तिसरा, कधी परत आणायचे तो. त्याला कुणी रागावत नाही.

उत्तर मिळाले की लगेच, दवाखान्याच्या पायरीवरच लिहावे. माणसांच्या वैद्यकात रॉय केसेल्स यांनी 2003 साली घेतलेल्या आढाव्याप्रमाणे डॉक्टरने सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के माहिती रोगी तिथल्या तिथे विसरतो, आणि लक्षात राहिलेल्यापैकी जवळपास निम्मी चुकीची लक्षात राहते. औषधाच्या बाबतीत ही चूक कुठे होते ते ठरलेले आहे. ‘अर्धी गोळी दोनदा’ असे लिहिलेले असते आणि गोळी किती मिलिग्रॅमची ते नसते. पुढच्या वेळी मेडिकलवाल्याकडे त्याच नावाची दुप्पट ताकदीची गोळी निघते आणि अर्धी गोळी म्हणजे दुप्पट मात्रा होते. म्हणून नाव, मिलिग्रॅम, किती वेळा, किती दिवस आणि त्या दिवसाचे वजन, हे पाच रकाने. किती दिवस हा रकाना गोचीडतापात सगळ्यात जास्त दगा देतो. अर्लिकियाच्या संसर्गात डॉक्सिसायक्लिन सुरू केले की ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, कुत्रा शेपटी हलवायला लागतो, आणि 28 दिवसांचा कोर्स आठव्या दिवशी बंद पडतो. जंतू उरले तर महिनोन्महिने काही न दाखवता शरीरात राहू शकतात आणि पुढे प्लेटलेट घसरलेल्या किंवा लघवीतून प्रथिने जाऊ लागलेल्या अवस्थेत पुन्हा गाठतात. तेव्हा नवा डॉक्टर ‘आधी गोचीडताप झाला होता का, औषध पूर्ण दिले का’ असे विचारतो. वहीत ‘कोर्स 8 दिवस, मग थांबवला’ असे लिहायला संकोच वाटतो, पण त्या क्षणी तीच ओळ सगळ्यात उपयोगाची असते. चुकलेले डोस लपवणारी वही नसलेली बरी.

काही वेळा वही उघडायचीच नाही. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, मोठ्या छातीच्या कुत्र्याचे पोट एकाएकी ढोलासारखे फुगले आणि उमासे येऊनही काही बाहेर पडेना, लघवीला बसतो पण थेंबही येत नाही, उंदराचे औषध किंवा घरातल्या माणसाची वेदनाशामक गोळी खाल्ली, तर कागद करत बसणे म्हणजे वेळ घालवणे. गाडी काढायची आणि वाटेत दवाखान्याला फोन करायचा. विष खाल्ले असेल तर त्याचे पाकीट बरोबर घ्यायचे, कारण उंदराच्या औषधांत रक्त न गोठू देणारी वेगळी आणि मज्जासंस्थेवर जाणारी वेगळी, आणि दोन्हींवर उपचार एकच नाही. अशा वेळी वहीचे पहिले पान तेवढे कामाला येते. त्यावर सध्याचे वजन, चालू औषधे मिलिग्रॅमसह, कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर गांधी उठल्या, रेबीजची शेवटची लस कधी, आणि जवळच्या चोवीस तास उघड्या दवाखान्याचा नंबर असावा. ते पान पेन्सिलीने लिहावे, म्हणजे वजन आणि औषधे बदलतील तशी खोडून नवी लिहिता येतात. आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असावा, कारण अशा रात्री वही लिहिणारे माणूस नेमके घरी असेलच असे नाही.